आईच्या औषधांची तारीखवार नोंद लावून देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही इतकी वर्षं मेडिकलचं दुकान सांभाळलंत, त्यामुळे हे तुम्हाला रोजचंच वाटलं असेल. पण आई साताऱ्याहून कायमची कोथरूडला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन वर्षांच्या चिठ्ठ्या, बिलं आणि अर्ध्या संपलेल्या पट्ट्या होत्या. नव्या डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं, हे घरात कुणालाच सुचत नव्हतं. तुम्ही सोबत बसून त्यातून एक पान तयार करून दिलंत. ते कसं केलंत हे इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण अशी पिशवी अनेकांच्या घरी असते.

तुम्ही आधी बिलं मागितलीत, याचं मला नवल वाटलं. तुमचं म्हणणं असं, की चिठ्ठीवरून डॉक्टरांनी काय सांगितलं तेवढंच कळतं, बिलावरून काय विकत घेतलं ते कळतं, आणि पोटात काय गेलं हे फक्त आईच सांगणार. म्हणून प्रत्येक ओळीपुढे तुम्ही 'चिठ्ठी', 'बिल' किंवा 'आठवण' असं लिहिलंत. एका चिठ्ठीवर तारीखच नव्हती. त्यातलीच औषधं त्याच क्रमाने एका बिलात सापडली आणि बिलाची तारीख 'अंदाजे' म्हणून चिठ्ठीला मिळाली. ब्रँडची नावं बाजूला ठेवून पट्टीमागची बारीक अक्षरं भिंगातून वाचलीत आणि औषधाचं मूळ नाव लिहिलंत. 'टेल्मिसार्टन 40' दोन वेगळ्या नावांनी घरात होतं, हे तेव्हाच कळलं. सुदैवाने आई दोन्ही एकत्र घेत नव्हती.

औषध कधी बंद झालं, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. तिथे तुम्ही गोळ्या मोजल्यात. डायक्लोफेनॅक, 1-0-1, पाच दिवस, म्हणजे दहा गोळ्यांची एक पट्टी. ऑक्टोबर 2023 ची ही हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. पण त्याच गोळीची बिलं थेट जानेवारीपर्यंत निघाली. "आजी, औषधं कुठली घेता?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "गुडघा ठणकला की काय घेता?" असं विचारलंत. आई लगेच म्हणाली, "ती गुलाबी."

मग प्रत्येक बदलाला एक ओळ, अशी यादी उतरली. एप्रिल 2023 ला बीपीसाठी अॅम्लोडिपिन 5 मि.ग्रॅ. सुरू. ऑक्टोबरपासून डायक्लोफेनॅक. डिसेंबरमध्ये बीपी 160/96, म्हणून अॅम्लोडिपिन 10. फेब्रुवारी 2024 ला दोन्ही घोटे सुजले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडून लघवी होण्याची गोळी, फ्युरोसेमाइड 40. मे महिन्यात पायात गोळे, पोटॅशियम 3.2, म्हणून पोटॅशियमचं सिरप. चिठ्ठ्या सुट्या असताना यातली प्रत्येक गोळी बरोबर वाटत होती. एकाखाली एक आल्यावर दिसलं, की प्रत्येक नव्या औषधाच्या जरा आधी दुसरं काहीतरी सुरू झालंय किंवा वाढलंय.

त्यावर तुम्ही जे समजावलंत ते मला फार मोलाचं वाटतं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढू शकतं. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात ते लहान रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे, पाणी साठल्यामुळे नव्हे, म्हणून लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही. उलट त्या गोळीने पोटॅशियम खाली जातं. हे सांगूनही 'यामुळे ते झालं' असं पानावर लिहायला तुम्ही नकार दिलात. आपण फक्त क्रम लिहायचा, त्यामागचं कारण काय ते डॉक्टर ठरवतील, आणि तोवर एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. माझी घाई तुम्ही प्रेमाने थांबवलीत.

डॉक्टरांनी पान वाचून आधी गुडघ्याच्या गोळीबद्दलच विचारलं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेतलं. मग डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल दिलं, अॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आणलं, आणि बीपीवर लक्ष ठेवत फ्युरोसेमाइड व सिरप टप्प्याटप्प्याने थांबवलं. आईच्या चपलेचा पट्टा आता शेवटच्या भोकात बसत नाही, आधीच्या भोकात बसतो.

पानाच्या अगदी वर, लाल शाईत, तुम्ही लिहिलेली एक ओळ अजून अर्धीच आहे: 'दात काढल्यानंतरच्या औषधाने ओठ सुजले होते, नाव माहीत नाही.' मी एका अँटिबायोटिकचं नाव सुचवलं होतं. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे खरं धरलं जातं आणि एखादं चांगलं औषध कायमचं हातचं जातं, म्हणून तुम्ही ते लिहू दिलं नाहीत. साताऱ्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे जुने कागद शोधायला भावाला सांगितलंय. सापडले की तुमच्याकडेच घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची