बोनेटमधून धूर आला तर काय करायचं, हे लायसन देतानाच विचारा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. त्याच रस्त्यावर माझं गॅरेज आहे. रस्ता चौपदरी झाला, गाड्या नव्या आल्या, पण उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की चढाला गाड्या तापायच्या त्या तापतातच. बोनेटमधून पांढरे लोट निघतात, ड्रायव्हर घाबरतो आणि पुढच्या दोन मिनिटांत नेमकं करू नये ते करतो. लायसन प्रत्येकाच्या खिशात असतं. आपल्याकडे एक मागणी करायची आहे, पण आधी गाडीत नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे मागणी एवढीशी का आहे ते कळेल.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नाला निघालेली पाहुण्यांची गाडी, पाच जणांच्या जागेत सात जण, टपावर सामान, एसी फुल्ल. पुढे कंटेनर रांगत होता, त्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढ चालला होता. अशा वेळी समोरून वारा लागत नाही, रेडिएटर गार ठेवायचा सगळा भार एकट्या पंख्यावर येतो. आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असल्यामुळे त्याची गरम हवाही रेडिएटरच्याच तोंडावर येते. काटा वर गेला होता, म्हणे, पण पुन्हा खाली आला, म्हणून पोरानं गाडी तशीच दामटली.

हा काटा खाली येणं फार फसवं असतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. होज पाईप फुटून पाणी वाहून गेलं की तो कोरडा पडतो आणि इंजिन जळायला आलेलं असताना काटा निवांत खाली उतरतो. खरं-खोटं करायची एक सोपी रीत आहे. एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावायचा. गरम हवा आली तर इंजिनात पाणी फिरतंय, आणि हीटर इंजिनातली थोडी उष्णता ओढूनही घेतो, तेवढ्यावर दोन-तीनशे मीटर पुढची मोकळी जागा गाठता येते. काटा चढलेला असताना हीटरमधून गार हवा आली, तर आत पाणी उरलेलं नाही असं समजून तिथल्या तिथे थांबायचं. बऱ्याच नव्या गाड्यांना काटाच नसतो, नुसता लाल दिवा लागतो. तो लागला की विचार करत बसू नये. आणि बोनेटमधून लोट दिसायला लागले असतील तर हीटरचा प्रयोगही करू नये, गाडी बाजूला घ्यावी.

त्या पोरानं शेवटी गाडी थांबवली ती लोट काचेवर आल्यावर. थांबताच खाली उतरला, बोनेट उघडलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. मान बाजूला होती म्हणून चेहरा वाचला. आम्ही पळत गेलो तोवर एक पाहुणा गार पाण्याची कॅन इंजिनावर ओतायला निघाला होता, त्याला कसंबसं अडवलं. इंजिनाच्या वरच्या तापलेल्या भागावर, म्हणजे हेडवर, गार पाणी पडलं की धातू एका अंगानं आकसतो आणि तडा जाऊ शकतो. मग शे-पाचशेच्या पाईपचं काम हजारोंच्या हेडवर जातं.

झाकण का उसळतं, हे एकदा कळलं की माणूस आयुष्यात ती चूक करत नाही. घरच्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली कोंडून धरतं, त्यामुळे ते १२० अंशांपर्यंत जाऊनही उकळत नाही, शांत राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून वाफेसकट बाहेर फेकलं जातं. पाणी आत खळखळत नाही, आवाज येत नाही, म्हणून ते निवलं असं मानायचं नाही. निदान अर्धा तास, आणि आमच्या मे महिन्यात तासभर थांबायचं. मग रेडिएटरचा वरचा जाड पाईप जाड फडक्यानं दाबून बघायचा. तो टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला तर झाकणावर गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, फुस्स बंद होऊ द्यायचं, मग काढायचं. पंख्यापासून बोटं लांब ठेवायची. तो विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत अचानक फिरू लागतो.

यानंतर पाणी थोडं थोडं घालायचं. लहान गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर पाणी मावतं. लिटरभरात भरलं आणि खाली कुठं ठिबकत नसेल तर काट्यावर नजर ठेवून हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. दोन-तीन लिटर घालूनही भरेना तर गळती आहे, गाडी ओढूनच न्यावी. निघण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढून बघावी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेडखालची पट्टी, म्हणजे गॅस्केट, जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळलंय, मग स्टार्टर मारायचाच नाही.

आता आमच्या भागाचं एक वेगळं दुखणं. कूलंट महाग पडतं म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय आहे. इथलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. घागरीला आतून जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या अरुंद होतात आणि चढाला गाडी तापते. बाहेरून सोयाबीनच्या काढणीचा भुसा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत जाऊन बसतो, तो वरून दिसतही नाही. अडीअडचणीला बोअरचं पाणी घालायला हरकत नाही, घरी पोचल्यावर ते काढून कूलंट भरावं. माझ्याकडे येणारे निम्मे गिऱ्हाईक यावर मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी त्याच तक्रारीसाठी पुन्हा येतात, तो भाग वेगळा.

हे सगळं वाफेचं झालं. वाफेनं गाडी जळत नाही. पण धूर खरा असेल तर अर्धा तास कशाला, दोन मिनिटंही हाताशी नसतात. ओळखायचं नाकानं. कूलंटची वाफ पांढरी असते, गोडसर वास येतो आणि ती हवेत चटकन विरते. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडतंय. काळपट धूर, नाकाला झोंबणारा प्लॅस्टिकचा वास म्हणजे वायरिंग पेटतंय. आमच्याकडे याला कारण बहुतेक दोनच, उंदरानं कुरतडलेली वायर किंवा फ्यूज न टाकता बॅटरीवरून थेट ओढलेला जादा लाईट नाहीतर हॉर्न. पेट्रोलचा वास आला तर वेगळं ओळखायची गरजच नाही. कशाचा वास आहे ते कळेना तर आग आहे असंच धरून चालावं.

गाडी डावीकडे घेऊन थांबवायची, चावी बंद करायची. चावी बंद झाली की पेट्रोलचा पंपही थांबतो. हँडब्रेक ओढायचा आणि काहीही शोधण्याआधी दारं उघडायची, कारण वायरिंग जळालं की पॉवरच्या काचा आणि सेंट्रल लॉक दगा देऊ शकतात. लेकरं आधी, मग म्हातारी माणसं, सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरायचं. आहेराच्या बॅगा गाडीतच राहू द्यायच्या. दार उघडलंच नाही तर सीटचं हेडरेस्ट निघत असेल तर ते उपसून त्याची लोखंडी दांडी बाजूच्या काचेच्या खालच्या फटीत खुपसायची आणि जोरात आपल्याकडे ओढायची. पुढच्या काचेवर मारत बसू नये, ती तडकते पण फुटून पडत नाही. मग विजेच्या दोन खांबांमध्ये असतं तेवढं तरी अंतर घ्यायचं आणि ११२ ला फोन करायचा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा लागतो.

राहिलं बोनेट. माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. बंद बोनेटखाली आगीला हवा कमी मिळते. ते उघडलं की भडका थेट तोंडावर येतो. उतरताना आतला खटका ओढून ठेवला तर बोनेट बोटभर उचललं जातं, तेवढंच पुरे. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर असेल तर वारा पाठीशी घेऊन नळी त्या फटीत धरायची. एक किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून लांबून फवारा मारण्यात तो वाया घालवू नये. तेवढ्यात आग विझली नाही तर माघार घ्यायची. गाडी सीएनजीवर असेल तर ज्वाळा दिसल्यावर आग विझवायचा सिलिंडरसुद्धा वापरायला जाऊ नये, सरळ लांब पळावं. जमलेली माणसं चांगल्या मनानं घागरी घेऊन धावतात, पण पेट्रोलवर पाणी पडलं की पेटतं पेट्रोल त्या पाण्यावरून रस्ताभर पसरतं.

महोदय, यातलं अवघड काय आहे? काहीच नाही. पण हे कुणी विचारत नाही. ट्रॅकवर आठचा आकडा काढायला लावतात, रिव्हर्स बघतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात गाडीच्या यंत्रणेची ओळख कागदावर आहे. माझ्याकडे मात्र अशी नवी लायसनवाली पोरं येतात, ज्यांना बोनेटचा खटका कुठे आहे तेही शोधावं लागतं.

तेव्हा मागणी एवढीच. चाचणी घेताना गाडी सुरू करण्याआधी उमेदवाराला तीन गोष्टी करायला सांगा. बोनेटचा खटका दाखव, कूलंटची टाकी आणि तिच्यावरची पातळीची खूण दाखव, आणि धूर आला तर पहिलं काय करशील ते सांग. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला ट्रॅक लागत नाही की यंत्र लागत नाही. दुसरं, जीप, टेम्पो ट्रॅव्हलर यांच्या पासिंगला आग विझवायचा सिलिंडर आहे की नाही एवढंच बघू नये, त्याच्या डायलचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी आहे का, तेही बघावं. मागच्या सीटखाली सुतळीनं बांधलेले सिलिंडर मी सोडवले आहेत, ते कुणाच्याच कामाचे नव्हते. घाटाच्या पायथ्याला ‘गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका’ असा फलक लागला तर बरंच, पण महामार्ग केंद्राचा आहे हे उत्तर मला माहीत आहे, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही.

आपल्या खात्याची लायसनची शिबिरं तालुक्याला भरतात. पुढच्या शिबिराला मी एक जुना रेडिएटर, त्याचं झाकण, क्षार धरलेल्या नळीचा कापलेला तुकडा आणि गॅस्केट गेलेल्या इंजिनातलं बाटलीभर ऑइल घेऊन येतो. निरीक्षक साहेबांनी फक्त एक टेबल आणि रांगेतली थोडी जागा द्यावी.

आपला,
एक गॅरेजवाला
मांजरसुंबा, जि. बीड