लॉगबुक वाचलं, आता झोप

मनू,

लॉगबुकच्या पानाचा फोटो पाहिला. फोन करणार होते पण तू झोपली असशील म्हणून लिहितेय. घरी स्कूटीवरूनच आलीस ना द्वारकावरून? रात्रभर जागून? बरं, त्यावर नंतर.

तू लिहिलंयस की आजोबांना बोलता येईना, उजवा हात उचलेना, मुलगा लकवा लकवा करत होता आणि तू सीटीचा फॉर्म भरायला घेतलास, तेवढ्यात सिस्टरनी बोट टोचून शुगर बघितली तर ३८. म्हणून तुला वाटतंय आपल्याला काहीच येत नाही. अगं, शुगर इतकी खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, एका बाजूचा हातसुद्धा जातो, भले भले फसतात. म्हणूनच लकवा म्हणून आलेल्या प्रत्येकाची शुगर आधी बघायची. मी बत्तीस वर्षं वॉर्डात तेच केलं. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिलं आणि आजोबा पाच-दहा मिनिटांत "चहा द्या" म्हणाले, हे तू किती छान लिहिलंयस! मी नानांना वाचून दाखवलं.

पण खरी गोष्ट त्यापुढची आहे आणि ती तू दोन ओळींत उरकलीस. पहाटे शुगर परत ५२. का? आजोबांची गोळी ग्लिमेपिराइड, उपास होता तरी घेतलेली, त्यात किडनी कमजोर. डेक्स्ट्रोजचा असर थोड्या वेळात ओसरतो, गोळी मात्र दिवसभर शुगर खाली ओढत राहते. म्हणून पेशंट उठून बसला तरी १० टक्के डेक्स्ट्रोजची सलाईन चालू ठेवायची, दर तासाला शुगर बघायची, शुद्धीवर असेल तर खायला द्यायचं आणि रात्रीतून घरी सोडायचं नाही. लॉगबुकात "मी घाबरले" लिही, जरूर लिही, पण वेळ, शुगर, किती दिलं आणि सिनिअरना कधी कळवलं हेही लिही. आणि २५ टक्केवालं घट्ट असतं, शीर नीट आहे का बघून हळू सोडायचं, बाहेर गेलं तर कातडी जळते.

बघ, मी परत क्लास घ्यायला लागले. सॉरी. नाना म्हणतात तिला शिकवू नकोस, ती डॉक्टर आहे. आहेसच. पण नाइटनंतर गाडी चालवू नकोस एवढं ऐक, डोळे उघडे असले तरी माणूस झोपलेला असतो. मुकुंदाचं काय झालं होतं आठवतं ना. बस, नाही बोलत.

फ्रीजमध्ये भरली वांगी आहेत. पुढच्या नाइटला गाडी नेऊच नकोस, सकाळी रिक्षा कर, पैसे मी देईन.

आणि उठलीस की वॉर्डात फोन करून आजोबांची सकाळची शुगर किती आली ते विचार. मलाही सांग.

आई