निखिलच्या रात्रीच्या मेसेजबद्दल

प्रिय सुहास,

निखिलचे मेसेज तू फोनवर वाचून दाखवलेस, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सोमवारी रात्री पावणेदोनला नव्या दुकानाचे बेत, एकामागून एक चाळीस मेसेज. शुक्रवारी अडीचला, ‘मी सगळ्यांच्या डोक्याला ताप झालोय.’

मजकूर जरा बाजूला ठेव, आधी झोप बघ. जागरणं दोन प्रकारची असतात. एकात झोप हवी असते पण लागत नाही, दुसऱ्या दिवशी माणूस पेंगतो. दुसऱ्यात तीन तास झोपूनही तो सकाळी टवटवीत असतो, झोपेची गरजच वाटत नाही. हे दुसरं सलग चार दिवस किंवा जास्त चाललं, जोडीला बोलण्याचा वेग आणि पैशांची उधळण वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. एखाद्याच रात्रीवरून काही ठरवू नकोस. दारू, रात्रपाळी, घरातलं भांडण, काहीही कारण असू शकतं. आजाराचं नाव तर आपण देऊच नये.

त्याला सांगून, त्याच्याच हातून दोन आठवडे वहीत नोंद करून घे: कधी झोपला, कधी उठला, दिवसभर मन कसं होतं, दारू घेतली का. चोरून टिपणं काढलीस तर विश्वास जाईल.

ही वही डॉक्टरांकडे फार उपयोगी पडते. माणूस डॉक्टरकडे जातो तो खचल्यावर, आणि सांगतो तेही खचलेपणच. उत्साहाच्या रात्री त्याला आजार वाटतच नाहीत. पण मन असं दोन्हीकडे झुकत असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने ते उलट उसळू शकतं. म्हणून सोमवारची रात्रसुद्धा सांगायलाच हवी. तो हो म्हणाला तर तू सोबत जा.

रात्री वाद घालू नकोस. बेत रंगले असतील तर ‘डिपॉझिटचं उद्या जेवल्यावर बघू, आता फोन ठेव’ एवढंच. खचलेला असेल तर ‘चांगला विचार कर’ म्हणू नकोस, त्याने त्याला आणखी एकटं वाटेल. सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला, तर कसं आणि कधी हेही विचार. काही ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही; घरच्यांना उठव, गोळ्या-औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवायला सांग, आणि थेट रुग्णालयात न्या. असा मेसेज टाकून तो फोन उचलत नसेल तर 112 लाव. एरवी बोलायला टेली-मानसचा 14416 आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

रोज रात्री तू एकट्याने जागू नकोस. सोमवार ते बुधवार तू बघ, गुरुवारपासून मी. निखिललाही हे सांगून ठेव, म्हणजे कुणाला फोन करायचा ते त्याला ठाऊक असेल.

तुझा,
मंदार