ज्या दिवशी आवाज, त्या दिवशी पैसे

आदरणीय अण्णा,

सोलापुरातल्या लोककथा सांगणाऱ्यांच्याच आवाजात मुद्रित करून त्यांचा व्हिडिओ गेम करायला आम्ही अनुदान मागितलं होतं, त्याच्या मंजुरीचं पत्र सोमवारी आलं. साडेसात लाख, दहा महिने, बारा गोष्टी. पत्र हातात असतानाच हे लिहायला बसलो आहोत, कारण तुमचे आभार फोनवर मानून भागणार नाही. सोलापुरात लोककथांचा, कारागिरीचा, भाषेचा प्रकल्प घेऊन अर्ज भरणारे आणखीही आहेत. तुम्ही दाखवलेली गोष्ट त्यांनाही कळावी, म्हणून हे पत्र उघड.

तुमच्याआधी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्यांनी पंधरा हजार घेतले आणि बेचाळीस पानं दिली. वारसा, संस्कृती, नवी पिढी हे शब्द पानोपानी होते, पण बजेटच्या तक्त्यात एकाही रकमेपुढे ‘किती नग, काय दराने’ हे नव्हतं. अर्ज परत आला तेव्हा त्यांनी फोनही उचलला नाही. तुम्ही आयुष्यभर यंत्रमाग कारखान्याचा हिशेब लिहिलात, व्हिडिओ गेम कधी खेळला नाहीत, आणि एका दुपारी पेन्सिल घेऊन तो तक्ता पुन्हा मांडलात.

तुमचा पहिला प्रश्न होता, ‘कुठल्या महिन्यात हातात किती?’ आम्ही एकूण खर्च मांडला होता, महिन्याचा नव्हता. तुम्ही समासात एक रकाना आखलात, ‘हाती शिल्लक’. सात लाख खर्च आणि पन्नास हजार राखीव, ही बेरीज बरोबर होती. चूक हप्त्यांत होती. जास्त मागितलं तर हावरे दिसू, म्हणून आम्ही पहिला हप्ता वीस टक्के, म्हणजे दीड लाख मागितला होता. प्रोग्रामरचे महिना २५,०००, तिसऱ्या महिन्यापासून चित्रकाराचे २२,०००. सगळ्या बारा गोष्टींचं मानधन, शब्दांकन, उपकरणं आणि प्रवास मिळून १,५४,०००, तेही पहिल्या तिमाहीतच. तुमच्या रकान्यात तिसऱ्या महिन्याअखेर वजा १,०१,००० आलं. दुसरा हप्ता टप्पा तपासून झाल्यावरच येतो आणि तपासणीत एक महिना जातोच. तो महिना आम्ही धरलाच नव्हता.

नियमावलीत पहिला हप्ता चाळीस टक्क्यांपर्यंत मागता येतो, हे वाक्य तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. मग गोष्टी दोन खेपांत विभागल्या, आधी सहा, नंतर सहा. आता पाचव्या महिन्याअखेर खर्च २,७३,००० होतो, हातात तीन लाख असतात आणि २७,००० उरतात. प्रकल्प तोच, एकूण रक्कम तीच. बदलला तो फक्त पैशाचा आणि कामाचा क्रम.

पण आभार खरे मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गोष्ट सांगणाऱ्याचं मानधन, बारा गुणिले ४,०००, ही ओळ आम्ही तक्त्यात शेवटून दुसरी लिहिली होती. तुम्ही तिच्याभोवती पेन्सिलने गोल केलात, बाण काढून तिला पहिल्या ओळीवर नेलंत आणि शेजारी लिहिलंत, ‘ज्या दिवशी आवाज, त्या दिवशी पैसे.’ तक्त्यात तूट आली असती तेव्हा सगळ्यात आधी कोणाचे पैसे थांबले असते? प्रोग्रामरचे नक्कीच नाहीत, तो दारात येऊन मागतो. जात्यावर बसून नातवंडांना गोष्ट सांगितलेली सत्तरीतली बाई मागायला येत नाही. हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं. ते तुमच्या आलं.

त्या एका ओळीमुळे टप्प्यांची भाषाही बदलली. आधी आम्ही लिहिलं होतं, ‘टप्पा एक: संशोधन व संकल्पना पूर्ण.’ तुम्ही विचारलंत, ‘झालं हे तिसऱ्या माणसाला कसं कळणार?’ आता तिथे आहे: सहा गोष्टींची न कापलेली मूळ ध्वनिमुद्रणं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक सांगणारीची तिच्याच भाषेत, तिच्याच आवाजात नोंदवलेली संमती, मानधनाची सही किंवा अंगठ्याची पावती, दोन वेगळ्या घरांत ठेवलेल्या प्रती, आणि त्या सहांपैकी एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत साध्या अँड्रॉइड फोनवर खेळता येते.

‘न कापलेली’ हा शब्द का, ते चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवरून सांगतो. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो मेणाच्या घराचं दार वाजवतो, ‘चिमणीताई, चिमणीताई, दार उघड.’ आतून उत्तर येतं, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ सांगणारी दर उत्तराआधी थांबते. मूल तेवढ्यात हसतं किंवा स्वतःच उत्तर देतं. आवाज संपादित करणारा माणूस सवयीने ती शांतता कापतो आणि गोष्ट वाचून दाखवल्यासारखी होते. खेळात दारावरची टकटक मुलाने बोटाने द्यायची आहे, म्हणून ती शांतता मोजून ठेवावी लागते. मूळ फाईल हात न लावता राहिली तरच चूक सुधारता येते.

एक पूर्ण गोष्ट आधी का, सगळ्या बारा अर्ध्या का नाहीत, यालाही कारण आहे. सोलापुरात गोष्टी मराठी, कन्नड आणि तेलुगूत मिळतात आणि खेळाच्या काही साधनांना या लिप्या नीट जोडता येत नाहीत. ‘सिद्धेश्वर’ लिहून पाहावं. पहिली वेलांटी ‘स’च्या आधी न येता नंतर पडली किंवा ‘द्ध’ सुटून पाय मोडलेला ‘द्’ आणि ‘ध’ वेगळे दिसले, की समजावं साधन अक्षरं जोडत नाही, नुसती ओळीने मांडतं. कन्नड-तेलुगूत खाली लागणारी जोडाक्षरं अशीच बाजूला येऊन बसतात. हे चौथ्या महिन्यात दिसलं तर साधन बदलता येतं. नवव्या महिन्यात दिसलं, तर बारा गोष्टींचा मजकूर चित्र म्हणून चिकटवावा लागतो, आणि मग एक काना दुरुस्त करायला चित्रकार बसवावा लागतो.

प्रवासाची रक्कम आम्ही एका फेरीची धरली होती. मागांच्या वस्तीत दिवसा रेकॉर्डिंग केलं की खटखट आवाजात मिसळते, ती काढायला गेलं तर बोलणाऱ्याचा गळा पातळ होतो. तुम्ही म्हणालात, ‘माग बंद असतात त्या दिवशी जा, आणि आधी एकदा नुसतं भेटायला जा.’ म्हणून आता दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत रेकॉर्डर पिशवीतच राहील.

हिशेब तपासणारी माणसं बरीच भेटतात. हिशेबात कोण गप्प बसणार आहे ते बघणारा माणूस आम्हाला तुमच्या रूपाने भेटला. फी विचारली तर तुम्ही चहा मागवलात, तोही स्वतःच्या पैशाने.

पहिला हप्ता जमा झाला की पहिल्या सहा गोष्टींना निघतोय. सहा पाकिटं आजच आणून ठेवली आहेत, प्रत्येकावर नाव घातलंय. तुमचा पेन्सिलचा कागद रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे, झेरॉक्स नाही, मूळच.

तुमचे,
स्टुडिओतले सगळे
सोलापूर