दहा हजार झाले, पण आधी साउंडवाल्या दादांचे आभार

राम कृष्ण हरी, माउली.

आज आपला परिवार दहा हजारांचा झाला. अभंग संतांचे, गळा बुवांचा. आम्ही नुसता मोबाइल धरून उभे. पण एका माणसाचे आभार राहून गेलेत, नावसुद्धा माहीत नाही.

नाथषष्ठीला पैठणला भजन लाइव्ह दाखवत होतो. सगळे टाळ एकदम वाजले की मोबाइलवर आवाज फाटायचा. पाहणारे लिहायचे, 'बुवांचे शब्दच कळंनात.' शेजारी साउंडवाले दादा जेवायला बसले होते, ते भाकरी तशीच झाकून उठले. मिक्सरमधून बुवांच्या माईकची वेगळी वायर काढून मोबाइलला जोडली. मिक्सरचा आवाज मोबाइलला झेपत नाही, म्हणून बटण जवळजवळ खालीच ठेवलं, आणि हेडफोन लावून पुन्हा टाळ चढेपर्यंत थांबले. मग दुसरा माईक टाळकऱ्यांपासून लांब, बल्लीला उंच बांधला. नुसत्या बुवांच्या आवाजावर भजन कोरडं लागतं म्हणे. खरंच लागतं!

पैसे विचारले तर म्हणाले, "गळ्यात माळ हाय, पैसे कसले?"

दादा, तुमची वायर अजून आमच्याकडंच आहे. पुढच्या षष्ठीला घेऊन येतो.