एकरकमी की हप्त्यांनी?

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जमिनीच्या वाटणीत तुझ्या वाट्याला आलेले १२ लाख रुपये इक्विटी फंडात एकदम घालावेत की बारा महिन्यांत थोडे थोडे, असे तू विचारले आहेस. निदान दहा वर्षे तुला या पैशांची गरज पडणार नाही, असे धरून लिहितो.

एसटीपी करायची म्हणजे सगळी रक्कम आधी त्याच फंड हाऊसच्या लिक्विड फंडात ठेवायची आणि तिथून दरमहा एक लाख इक्विटीत वळवायचे. पहिला लाख लगेच गेला, तरी वर्षभर सरासरी साडेपाच लाख रुपये लिक्विड फंडातच पडून राहतात. इक्विटीने १२ टक्के आणि लिक्विडने साडेसहा टक्के दिले असे मानले, तर या थांबण्यापायी सुमारे तीस हजार रुपये हातचे जातात. बाजाराची चढती वर्षे उतरत्या वर्षांपेक्षा अधिक असल्यामुळे निव्वळ हिशेबात एकरकमीचेच पारडे जड आहे.

मात्र वर्षभरात बाजार संथपणे ३० टक्के उतरला, तर एकरकमी घातलेल्या १२ लाखांचे ८ लाख ४० हजार होतात आणि हप्त्यांनी घातलेल्यांचे साधारण ९ लाख ८० हजार राहतात. म्हणजे तीस हजारांत घेतलेला हा विमाच झाला, पण त्याची मुदत तेवढ्या वर्षापुरतीच. तेराव्या महिन्यात बाजार कोसळला, तर फटका दोन्हीकडे सारख्याच टक्क्यांचा बसेल. त्या विचाराने तुझी झोप उडणार असेल, तर हप्त्यांची संख्या वाढवून उपयोग नाही. इक्विटीत मुळातच सात-आठ लाख घालावेत.

हप्ते फसतात ते कुठे, हे मी अंगावर घेऊन शिकलो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास असताना मी अठरा महिन्यांचे हप्ते सुरू केले. ऑक्टोबरात तो नऊ हजारांखाली आला, तेव्हा तुझी आई नको म्हणत असतानाही मी जेवणाच्या टेबलावर बसून हप्ते थांबवण्याच्या अर्जावर सही केली. उरलेली रक्कम घातली ती २०१० च्या शेवटी, सेन्सेक्स पुन्हा वीस हजारांच्या घरात गेल्यावर! महागातले युनिट घेतले आणि ज्यासाठी हप्ते लावले होते ते स्वस्तातले नेमके सोडले.

तुझा स्वभाव माझ्यावर गेला आहे, म्हणून सहा लाख आताच घाल आणि उरलेले सहा लाख सहा महिन्यांत, एसटीपीच्या अर्जात शेवटची तारीख आधीच लिहून. दर हप्त्याला लिक्विड फंडातले युनिट विकले जातात, त्यामुळे त्यावरचा नफा तुझ्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागेल. रक्कम किरकोळ असेल, पण विवरणपत्रात दाखवायला विसरू नकोस. इक्विटीतही करासाठी प्रत्येक हप्त्याचे एक वर्ष त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मोजले जाते, हे पुढे पैसे काढताना ध्यानात ठेव.

तुझे,
बाबा