७० किलो कबड्डी : नावं द्या, वजन सांभाळा

भावांनो, १० अन् ११ जानेवारीला मोंढ्यामागच्या मैदानावर मॅटवर सामने हायेत, एंट्री फी ७०० रुपये, नावं ५ तारखेपर्यंतच, लॉट्स ७ ला संध्याकाळी काढू.

टीम १२ जणांची, ७ आत ५ बाहेर, एक खेळाडू एकाच टीमकडून, आधार ओरिजनल आणा.

आता वजनाचं नीट ऐका. काटा १० ला सकाळी ७ ते ९, बूट काढून, ग्रॅमचीबी सूट नाही. मागच्या वर्षी एक रेडर ७०.४ भरला, स्वेटर घालून मैदानाला चकरा मारल्या, पाणी सोडलं, वजनात बसला खरा पण दुसऱ्याच रेडला पोटऱ्या आखडल्या अन् टीम गेली. म्हणून आठवडाभर आधीच घरी मोजा राव.